बनियनच्या बाहेर राहिलेले खांदे

मागच्या वर्षी मार्चमधली गोष्ट. बायको चिऊला आंघोळ घालत होती आणि तिने मला न्हाणीघरातून हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून हातातलं टाकून गेलो. चिऊला तेव्हा चार वर्षं पुरी व्हायची होती. तिच्या ओटीपोटाखाली पाच-सहा केस आले होते. लहान मुलांच्या अंगावर असते तशी लव नव्हे, चांगले काळे आणि जाड. "आणि हिच्या घामाचा वास बघा," बायको म्हणाली, "मोठ्या माणसासारखा येतोय."

तोपर्यंत मी आठ महिने टेस्टोस्टेरॉनचं जेल लावत होतो. माझ्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ होती आणि ती काढल्यावर शरीरात हे हार्मोन तयार होणं जवळपास थांबलं. सकाळी रिकाम्या पोटी दोन वेळा रक्त तपासून खात्री झाल्यावर डॉक्टरांनी रोज एक पाकीट जेल लिहून दिलं. पाच ग्रॅमचं पाकीट, त्यात पन्नास मिलिग्रॅम औषध. खांद्यांवर आणि दंडांवर लावायचं, लावल्यावर हात धुवायचे, एवढं मला सांगितलेलं होतं आणि तेवढं मी मनापासून करत होतो. पाकिटातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर बाकीचंही सगळं छापलेलं होतं. तो कागद मी उघडलाच नव्हता.

डिचोलीहून पणजीला जाणारी सकाळची बस गाठायची म्हणून मी जेल रात्री लावायचो. आंघोळ करून साडेनऊला जेल लावायचं, पंख्याखाली पाच मिनिटं उभं राहायचं, वर बनियन घालायचं आणि चिऊला खांद्यावर घेऊन झोपेपर्यंत फेऱ्या मारायच्या. आमच्याकडे एप्रिल-मे सोडा, फेब्रुवारीपासूनच रात्री अंगावर शर्ट सहन होत नाही. बनियनला बाह्या नसतात. जिथे जेल, तेच खांदे उघडे, आणि त्यावर तिचा गाल, तिचे हात, अर्धा-पाऊण तास, रोज.

आधी ज्यांच्याकडे गेलो त्या डॉक्टरांनी काही मुलींना लवकर येतात केस, लक्ष ठेवा, असं सांगितलं. त्यात दोन महिने गेले. मग लहान मुलांच्या हार्मोन्सच्या तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी चिऊची उंची मोजून आधीच्या नोंदींशी ताडून पाहिली. ती अपेक्षेपेक्षा भराभर वाढत होती. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढला, कारण हाडांचं वय त्यावरून कळतं. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींच्या जन्मजात दोषानेही असंच होऊ शकतं, म्हणून त्यासाठी रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली. आणि हे सगळं लिहून देता देता त्यांनी विचारलं, "घरात कुणी अंगाला हार्मोनचं जेल किंवा मलम लावतं का?"

मी हो म्हटलं तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हनुवटीवर तीन-चार महिन्यांपासून पुटकुळ्या येत होत्या, वरच्या ओठावरचे केस दाट झाले होते. आम्ही ते उकाड्यावर ढकललं होतं.

चिऊच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तिच्या वयाच्या मुलीत असावं त्याच्या कितीतरी पट निघालं. हाडांचं वय साडेपाच वर्षांचं आलं. ग्रंथींचा दोष नव्हता, सोनोग्राफी साफ होती. ते हार्मोन माझ्या खांद्यांवरून गेलेलं होतं.

हे कसं होतं ते त्या डॉक्टरांनी कागदावर आकडे लिहून समजावलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. जेलमधलं औषध चोवीस तासांत जेमतेम दहा टक्के अंगात जातं. म्हणजे पन्नासातले साधारण पाच मिलिग्रॅम, आणि पुरुषाचं शरीर एरवी दिवसाला जेवढं तयार करतं त्याच्या आसपासच ते भरतं. उरलेलं कातडीवरच राहतं. जेलमधला अल्कोहोल उडून जातो, हाताला कोरडं लागतं, आणि आपल्याला वाटतं की जिरलं. कोरडं झालं म्हणजे अल्कोहोल उडाला, औषध तिथेच आहे. त्यातला थोडासा अंश जरी पंधरा किलोच्या मुलीच्या गालाला रोज लागला, तरी तो तिच्यासाठी फार मोठा डोस असतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २००९ साली अशा जेलच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला, तो नऊ महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये असेच प्रकार दिसल्यावर. बहुतेक मुलांचे बदल संपर्क थांबल्यावर ओसरले, पण काहींच्या हाडांचं वय पुढे गेलं ते थोडं पुढेच राहिलं. हे डॉक्टरांनी लपवलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्या रात्री जेल बंदच करावं असं मला वाटलं. पण ऑपरेशननंतर माझ्या शरीरात स्वतःचं काही उरलेलं नाही, मनाने बंद करणं बरोबर नव्हतं. माझ्या डॉक्टरांनी इंजेक्शनचा पर्याय समोर ठेवला. त्यात दुसऱ्याला लागायचा प्रश्नच येत नाही, आणि लांब मुदतीचं इंजेक्शन दहा ते चौदा आठवड्यांनी एकदा घ्यावं लागतं. ज्याच्या घरात तान्हं मूल आहे आणि काटेकोरपणा जमणार नाही, त्याने तेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मला रक्त घट्ट होण्याचा त्रास मागे होऊन गेला होता, म्हणून रोजचा डोस कमीजास्त करता येईल असं जेलच ठेवायचं ठरलं. मात्र सगळा क्रम बदलून.

आता जेल पहाटे सव्वासहाला, चिऊ उठायच्या आधी. आंघोळ झाली की आधी देवपूजा उरकतो, कारण जेल ओलं असताना ते पेट घेऊ शकतं आणि निरांजन, उदबत्ती, गॅस यांच्याजवळ त्या अंगाने जायचं नाही. मग अंग पूर्ण टिपून घेतो. आमच्या दमट हवेत आंघोळीनंतरही घाम सुटतो, म्हणून आधी पाच मिनिटं पंख्याखाली बसतो. ओल्या किंवा घामेजल्या कातडीवर जेल नीट पसरत नाही, ओघळतं.

पाकीट फोडायच्या आधी बादलीत पाणी काढून ठेवतो आणि साबण जवळ घेतो. हे मला बायकोने दाखवून दिलं. जेल लागलेल्या हाताने मी नळ फिरवायचो, हात धुवायचो आणि नळ तसाच राहायचा. थोड्या वेळाने तोच नळ चिऊ फिरवायची. रिकामं पाकीट दुमडून झाकणाच्या डब्यात जातं, कारण चकचकीत कागद मुलांच्या हाताला पहिला लागतो.

कुठपर्यंत लावायचं हेही नव्याने ठरवलं. अर्ध्या बाहीचा टी-शर्ट घालून आरशासमोर उभा राहिलो आणि बसमध्ये वरचा दांडा धरतो तसा हात वर केला. बाही सरकून दंडाचा बराच भाग उघडा पडला. म्हणजे तिथे जेल असतं तर शेजारी उभ्या असलेल्याला लागलंच असतं. हात वर केल्यावरही जो भाग झाकलेला राहतो, तिथेच आता लावतो. पूर्ण कोरडं झालं की टी-शर्ट, त्यावर ऑफिसचा शर्ट. माझ्या जेलला लावल्यापासून पाच-सहा तास पाणी लागू द्यायचं नाही. प्रत्येक जेलचं हे गणित वेगळं असतं, आपल्या पाकिटातला कागद बघावा.

संध्याकाळी साडेसहाला घरी आलो की चिऊ दारातच हात वर करते. तिला थांबवणं पहिले काही दिवस फार जड गेलं. सरळ न्हाणीघरात जातो, खांदे-दंड साबणाने धुतो, ताजा टी-शर्ट घालतो आणि मगच तिला उचलतो. बारा तास होऊन गेलेले असतात, औषध जायचं तेवढं अंगात गेलेलं असतं. नव्या क्रमाने महिनाभरानंतर माझं रक्त तपासलं तेव्हा पातळी योग्य आली. रक्त देताना मात्र एक काळजी घेतो, त्या सकाळी नमुना दिल्यानंतरच जेल लावतो. हातावर जेल असताना तिथलंच रक्त घेतलं तर आकडा खोटा वर जातो आणि डोस उगाच कमी केला जातो.

दिवसभराचा टी-शर्ट वेगळ्या बादलीत पडतो आणि वेगळा धुतला जातो. माझा टॉवेल वेगळ्या खुंटीवर. पूर्वी चिऊ झोपली की माझाच शर्ट तिच्या अंगावर टाकायचो, ते आता कायमचं बंद आहे.

चतुर्थीला मोठी परीक्षा होती. मूळ घरी आम्ही सगळे जमतो, पूजा सोवळ्यात, म्हणजे कमरेच्या वर फक्त उपरणं. माटोळीखाली गर्दी, पोरं कुणाच्याही खांद्यावर चढतात. शिवाय धाकटी भावजय सहा महिन्यांची गरोदर होती, आणि पोटात मुलगी असेल तर या हार्मोनने तिच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. गरोदर बाईला तर हे लागताच कामा नये. मी डॉक्टरांना आधीच फोन केला. त्या दिवशी पूजा, आरती आणि जेवण होईपर्यंत जेल लावलंच नाही. दुपारी दोनला खोलीचं दार लावून लावलं, वर टी-शर्ट घातला, आणि रात्री नऊला धुऊन टाकलं. भावजयीला मी स्वतः सगळं सांगितलं आणि माझ्या टॉवेलला हात लावू नको म्हटलं. मोठ्या खोलीत चटयांवर झोपायची पाळी आली तेव्हा उकडत असूनही अंगातला टी-शर्ट काढला नाही.

क्रम बदलल्यावर तीन आठवड्यांनी चिऊचं रक्त पुन्हा तपासलं, टेस्टोस्टेरॉन तिच्या वयाला असावं तेवढं खाली आलं होतं. घामाचा वास त्याआधीच गेला. बायकोच्या हनुवटीवरच्या पुटकुळ्या दोन महिन्यांत गेल्या, ओठावरचे केस हळूहळू विरळ होत आहेत. चिऊचे केस नवीन आले नाहीत, होते ते तसेच आहेत, थोडे मऊ झालेत. उंची वाढायचा वेग आता नेहमीसारखा आहे. दर तीन महिन्यांनी भिंतीला टेकवून पेन्सिलने खूण करतो आणि ती वही डॉक्टरांना दाखवतो. हाडांचं वय अजून वर्षभराने पुढे आहे. पुढचा एक्स-रे नोव्हेंबरमध्ये.