दोन्ही टीमकडे रेव्हिजन सी, पण फाइल वेगवेगळी : बेसलाइन नीट लावतानाचा माझा अनुभव

मी एका प्रोजेक्टवर डॉक्युमेंट कंट्रोल बघत होते. एक कंट्रोल युनिट, त्याचं सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेलं सेन्सर युनिट, असं काम होतं आणि सगळी मिळून ४१ डॉक्युमेंट्स होती. माझ्याकडे एक एक्सेल मास्टर लिस्ट होती, कुठलं डॉक्युमेंट नवीन रेव्हिजनला गेलं की मी त्याच ओळीत बी खोडून सी लिहायचे, शेजारी रिमार्कच्या कॉलममध्ये काय बदललं तेही लिहायचे, आणि या एकाच शीटला आम्ही सगळे बेसलाइन म्हणायचो. एक वर्ष असंच चाललं आणि कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

मग टेस्टिंगमध्ये एक फेल्युअर आलं जे सुटेचना. टेस्ट टीम सेन्सरचं उत्तर मुद्दाम ४५० मिलिसेकंद उशिरा द्यायची, सॉफ्टवेअरने ते घ्यायला हवं होतं, पण ते आधीच टाइमआउट देऊन मोकळं व्हायचं. टेस्टवाले म्हणाले, इंटरफेस डॉक्युमेंटमध्ये ५०० मिलिसेकंद थांबायचं लिहिलंय. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, नाही, २०० लिहिलंय, आम्ही डॉक्युमेंटप्रमाणेच केलंय. तीन आठवडे मेलामेली चालली होती आणि दोघंही खरं बोलत होते, कारण दोघांच्या हातातल्या फाइलवर रेव्हिजन सीच छापलेलं होतं, मंजुरीची तारीखही तीच. सी मंजूर झाल्यावर कुणीतरी शेअर्ड फोल्डरमधली फाइल उघडून आकडा बदलला होता आणि त्याच नावाने सेव्ह केली होती. टेस्ट टीमने त्याआधीच कॉपी डाउनलोड केलेली होती.

त्याच सुमारास ऑडिट लागलं. ऑडिटर मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "डिझाइन रिव्ह्यूच्या दिवशी तुमच्या बेसलाइनमध्ये कोणतं डॉक्युमेंट कोणत्या रेव्हिजनला होतं, ते दाखवा." मी शीट उघडली आणि मला ते दाखवताच येईना, कारण त्या दिवशीचं बी मी स्वतःच खोडून सी केलं होतं. मॅडम म्हणाल्या, "ही आजची यादी झाली. बेसलाइन म्हणजे त्या दिवशीची यादी, ती नंतर बदलत नाही." मग त्यांनी हिशेबाच्या वहीचं उदाहरण दिलं आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदा हे स्वच्छ झालं. बेसलाइन म्हणजे आरंभीची शिल्लक, चेंज लॉग म्हणजे मधले व्यवहार, पुढची बेसलाइन म्हणजे अखेरची शिल्लक, आणि ऑडिट म्हणजे बेरीज जुळते का आणि पेटीतले पैसे खरंच तेवढेच आहेत का ते मोजणं. मी तिन्ही एकाच पानावर लिहीत होते आणि वर आरंभीची शिल्लक रोज खोडत होते, मग जुळवणार कशाशी?

तिथून दीड महिना निस्तरण्यात गेला. आधी जुनी बेसलाइन परत उभी केली. शेअर्ड फोल्डरवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता म्हणून मंजुरीच्या मेलला जोडलेल्या फाइल्स एकेक करून काढल्या. ४१ पैकी ३८ सापडल्या. उरलेल्या तीन डॉक्युमेंट्सची मंजूर कॉपी कुठेच मिळाली नाही, तेव्हा एकजण म्हणाला मागची तारीख टाकून सही घेऊया, मी नाही म्हणाले. ती तीन आजच्या तारखेने पुन्हा मंजूर करून घेतली आणि जुन्या बेसलाइनमध्ये त्यांच्यासमोर 'मंजूर प्रत उपलब्ध नाही' असं स्पष्ट लिहिलं.

मग चेंज लॉग वेगळा काढला. रिमार्क आणि मेल चाळून बदलाच्या एकूण २३ विनंत्या निघाल्या. १४ मंजूर होऊन बंद झालेल्या, ४ मंजूर पण काम बाकी, ३ नाकारलेल्या, २ वर निर्णयच नाही. आधी हे सगळं एकाच ढिगात होतं, त्यामुळे मंजूर झालं म्हणजे डॉक्युमेंटमध्ये आलंच असं सगळे धरून चालायचे. आता निर्णयाची तारीख आणि बदल प्रत्यक्ष झाल्याची तारीख असे दोन वेगळे कॉलम केले, आणि 'कोणत्या रेव्हिजनवरून कोणत्या रेव्हिजनला' हाही एक कॉलम घातला. माझ्या मते सगळ्यात उपयोगी कॉलम तोच, कारण त्याच्याशिवाय जुळवणी करताच येत नाही.

जुळवणी केली तर असं निघालं. जुनी बेसलाइन आणि आजची यादी शेजारी ठेवली तर १३ डॉक्युमेंट्सची रेव्हिजन बदललेली होती. बंद झालेल्या १४ विनंत्यांमध्ये १२ डॉक्युमेंट्सची नावं होती. दोन्हीकडे असलेली ११. म्हणजे दोन डॉक्युमेंट्स कुठल्याही विनंतीशिवाय बदलली होती, आणि एक डॉक्युमेंट असं की लॉग म्हणतो बदललं पण ते जुन्याच रेव्हिजनला. ते होतं युझर मॅन्युअल. त्या विनंतीत तीन डॉक्युमेंट्स बदलायची होती, दोन झाली, आणि विनंती एकाच ओळीत असल्यामुळे कुणीतरी सगळी ओळच बंद करून टाकली. त्यानंतर आम्ही एका विनंतीत जितकी डॉक्युमेंट्स तितक्या ओळी करायला लागलो.

पण लक्षात घ्या, ५०० आणि २०० चा घोळ या जुळवणीत सापडलाच नसता. यादीतही सी, लॉगमध्येही बी वरून सी, सगळं जुळतंय, आतली फाइलच वेगळी. त्यासाठी बेसलाइन गोठवतानाच प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे आतल्या डेटावरून निघणारा तिचा ठसा, घेऊन ठेवायला लागतो.

```
sha256sum *.pdf > BL2.sha256
sha256sum -c BL2.sha256
```

पहिली ओळ गोठवायच्या दिवशी चालवायची, दुसरी ऑडिटच्या दिवशी. फाइल तीच असेल तर समोर `OK` येतं, एक अक्षर जरी बदललं तरी `FAILED`. ही हॅशची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवू नका, ज्याला पीडीएफ बदलता येते त्याला तीही नव्याने बनवता येते. आम्ही ती मंजुरीच्या मेललाच जोडतो. अजून एक, `FAILED` आलं म्हणजे मजकूर बदललाच असं नाही. तीच वर्ड फाइल पुन्हा पीडीएफ केली तरी आतली तारीख बदलते आणि हॅशही बदलतो, त्यामुळे आधी दोन्हींचा मजकूर काढून ताडून बघायचा आणि मगच कुणाला विचारायला जायचं. आणि ही कमांड फक्त यादीतल्या फाइल्स तपासते, फोल्डरमध्ये जास्तीची फाइल येऊन पडली असेल तर गप्प बसते, ते वेगळं मोजावं लागतं.

इंटरफेस डॉक्युमेंटचं काय झालं, तर २०० ची रीतसर विनंती आली. सेन्सर टीमने सांगितलं की त्यांचं उत्तर कधीकधी ३०० पर्यंत जातं, त्यामुळे विनंती नाकारली गेली. रेव्हिजन डी काढली, आकडा ५०० च ठेवला आणि मुद्दाम डी म्हटलं, कारण सी नावाच्या दोन फाइल्स लोकांच्या लॅपटॉपवर होत्याच. सॉफ्टवेअर दुरुस्त झालं, ४५० ची टेस्ट पास झाली.

दुसऱ्या ऑडिटमध्ये मॅडमनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी जुन्या बेसलाइनची शीट उघडली, त्या तीन डॉक्युमेंट्सवर त्या थांबल्या, कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी ती नोंद तशीच मान्य केली आणि नवीन बेसलाइनवर `-c` चालवायला सांगितलं. सगळ्या ओळींसमोर `OK` आलं, पण फोल्डरमध्ये एक फाइल जास्त निघाली, युझर मॅन्युअलचा जुना ड्राफ्ट. तो तिथून काढून तशी नोंद केली आणि मगच त्यांनी सही केली.