लॅम्डा फारच चांगला आला

सिनियरांची जर्नलं उतरवणाऱ्या बॅचमध्ये एखाद्या ग्रुपचं रीडिंग वेगळं आलं की मला आधी आनंदच होतो. निदान कोणीतरी खरंच मोजलंय. परवाचं प्रॅक्टिकल सीडी ४००७ वरच्या मॉसफेटच्या आउटपुट कर्व्हचं होतं. गेट-सोर्स ३ व्होल्टवर ठेवायचं, ड्रेन वाढवत न्यायचा आणि करंट लिहायचा.

पहिल्या टेबलावर ५ व्होल्टला १.०० मिलिअँपिअर आणि १० व्होल्टला १.१० आला. सॅच्युरेशनमध्ये रेघ आडवी राहत नाही, कारण ड्रेनचं व्होल्टेज वाढलं की चॅनेलचं पिंच झालेलं टोक सोर्सकडे सरकतं, उरलेलं चॅनेल आखूड होतं आणि करंट थोडा वाढतो. ती रेघ मागे वाढवली तर व्होल्टेजच्या अक्षाला उणे ४५ च्या आसपास छेदते, म्हणजे त्याचा व्यस्त, लॅम्डा, ०.०२२. लॅम्डा जितका लहान, तितकी रेघ सपाट.

शेजारच्या टेबलावर गेट-सोर्स तेच, पण करंट ०.६३ वरून ०.६७. छेद थेट उणे ७४ ला. रेघ अधिक सपाट, आलेख पुस्तकातल्यासारखा देखणा! जर्नल तपासणाऱ्या कोणीही त्यावर डोळे झाकून सही केली असती.

मला खटकला तो कमी झालेला करंट. नुसतं चॅनेल आखूड होण्यात फरक असता तर कर्व्हचा उतार बदलला असता, अख्खा कर्व्ह एवढा खाली आला नसता. पोरांनी करंट मोजायचा १ किलोओहमचा रेझिस्टर सोर्सच्या पायात, पिन ४ ला घातला होता. पिन ७, म्हणजे बॉडी, मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे ग्राउंडला. त्यामुळे सोर्स ०.६ व्होल्ट वर उचलला गेला, बॉडी खालीच राहिली आणि थ्रेशोल्ड, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं गेटचं व्होल्टेज, वाढला. शिवाय ड्रेन वाढवला की करंट वाढायला बघतो, तसा सोर्स आणखी उचलला जातो, थ्रेशोल्ड आणखी चढतो आणि ती वाढ दाबली जाते. सपाटपणा रेझिस्टरच्या कृपेने आला होता, ट्रान्झिस्टरच्या नव्हे.

रेझिस्टर ड्रेनच्या बाजूला हलवला, ड्रेनचं व्होल्टेज त्याच्या खालून मोजलं. पहिल्या टेबलाचेच आकडे आले.

मग सोर्स ग्राउंडला ठेवून पिन ७ मुद्दाम उणे २ व्होल्टवर नेली. (उलटं करू नका, बॉडी सोर्सच्या वर गेली की आतला डायोड चालू होतो.) अख्खा कर्व्ह खाली बसला आणि त्याचा गुडघा डावीकडे सरकला, कारण थ्रेशोल्ड वाढला की सॅच्युरेशन लवकर लागतं. रेघ मागे वाढवली तर छेद मात्र पुन्हा उणे ४५ च्याच आसपास.

मॅन्युअलमध्ये रेझिस्टर कुठे घालायचा हे अजूनही लिहिलेलं नाही. बदलायचं म्हटलं तर म्हणे अभ्यासक्रम समितीची मंजुरी लागते.