दोन चुका आणि उलटलेला निकाल

मशीन विकत घ्यायचं की पाच वर्षांच्या लीजवर, याची शीट तपासायला माझ्याकडे आली, तेव्हा निकाल वरच लिहिला होता: लीज 65,700ने स्वस्त. किंमत 10,00,000, वर्षाचं भाडं 2,50,000, कर 30 टक्के, बँकेचा व्याजदर 10 टक्के. घसारा दरवर्षी सारखा 2,00,000, म्हणजे वर्षाअखेर 60,000 कर वाचणार. पाच वर्षांनी मशीन 1,00,000ला विकलं जाईल असा अंदाज होता. तोवर पुस्तकी किंमत शून्य झालेली, त्यामुळे पूर्ण रकमेवर कर जाऊन हातात 70,000.

आकडे बरोबर होते. लीजच्या रकान्यात, पुढच्या हप्त्यांची आजची किंमत काढणारं एक्सेलचं PV सूत्र मात्र असं होतं:

```
=PV(10%,5,-175000)
```

पहिली खटकली ती टक्केवारी. भाडं करवजा धरलं होतं (2,50,000चे 70 टक्के) आणि दर मात्र करापूर्वीचा. लीजचं भाडं कर्जाच्या हप्त्यासारखंच बांधील देणं असतं, म्हणून त्याला कर्जाचा करवजा दर लागतो: 10 × 0.7, म्हणजे 7 टक्के.

दुसरी चूक दिसत नव्हती, कारण ती न लिहिलेल्या आकड्यात होती. PVचा शेवटचा आकडा रिकामा सोडला की एक्सेल पैसे वर्षाअखेर जातात असं धरतं. करारात तर भाडं वर्षाच्या सुरुवातीलाच द्यायचं होतं. करबचत मात्र वर्षाअखेरच पदरात पडते, म्हणून दोन्ही वेगळे मांडले:

```
=PV(7%,5,-250000,0,1)-PV(7%,5,-75000)
```

लीजचा खर्च 7,89,300 आला. खरेदीचा, घसाऱ्याची करबचत आणि विक्रीची रक्कम 7 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून वजा केल्यावर, 7,04,100. खरेदी 85,200ने स्वस्त. यात कर्जाचं व्याज वेगळं मिळवायचं नाही. ते दरात आधीच आलेलं असतं.

गंमत म्हणजे यातली कुठलीही एकच चूक असती तरी खरेदीच स्वस्त दिसली असती. फक्त दर चुकला असता तर 29,100ने, फक्त वेळ चुकली असती तर 13,500ने. दोन्ही एकत्र आल्या आणि निकाल उलटला.

मग भाडं किती असेल तर दोन्ही सारखं, तेही काढलं: सुमारे 2,23,000. लीज कंपनी घासाघीस करून 2,35,000वर आली. म्हणजे लीज 7,41,900. खरेदी अजून स्वस्तच, पण मशीन शेवटी फुकट गेलं तर ती 7,54,000ला पडते. सगळं पुनर्विक्रीवर येऊन ठेपलं: मशीनला करापूर्वी 24,000च्या वर भाव आला तर खरेदी, नाही तर लीज. आता प्रश्न हिशेबाचा उरला नव्हता, म्हणून शीट देखभाल विभागाकडे पाठवली.