प्रोफॉर्मावर मशीन आलं, पण खऱ्या बिलासाठी चार महिने गेले

आमचं रिसोड तालुक्यात हळद दळायचं छोटं युनिट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवीन मशीन घेतलं, किंमत ६ लाख आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७ लाख ८ हजार. बँकेला लोनसाठी कागद हवा होता म्हणून डीलरने प्रोफॉर्मा इन्व्हॉइस दिला. लोन पास झालं, बँकेने पैसे थेट डीलरला पाठवले, मशीनही आलं.

प्रोफॉर्मा म्हणजे फक्त ‘इतक्याला देऊ’ असं लिहून दिलेला कागद, विक्री झाल्याचा पुरावा नाही. त्यावर शिक्का असो की सही, त्यावर टॅक्स लागत नाही की इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या टॅक्समधून वजा करून घ्यायची सोय, मिळत नाही. मले हे माहीतच नव्हतं, मी तोच कागद फाइलला लावून बसलो. मार्चमध्ये सीए म्हणाले, "भाऊ, हे बिल नाही, नंबर पहा, ‘PI’ लिहिलंय." ह्या एका कागदापायी १ लाख ८ हजारांचं क्रेडिट अडकलं होतं.

मग डीलरच्या मागे लागलो. फोन केला की "पाठवतो", परत केला की "अकाउंटवाला सुट्टीवर". एप्रिलमध्ये टॅक्स इन्व्हॉइस आला एकदाचा, तर त्यावर फर्मऐवजी माझं नाव, आणि फर्मचा जीएसटी नंबर गायब! प्रोफॉर्मा बँकेसाठी माझ्या नावाने बनवला होता, त्यांनी तोच तसाच्या तसा छापला. नंबर नसल्यानं त्यांच्या रिटर्नमध्ये ती विक्री सामान्य गिऱ्हाइकाला केली अशी गेली, म्हणून आमच्या GSTR-2B मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला येणाऱ्या आमच्या खरेदीच्या यादीत, काहीच दिसेना, आणि तिथं दिसल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. शेवटी मी स्वतः गाडी काढून डीलरच्या ऑफिसला गेलो, दोन तास बसलो, जुन्या बिलाची क्रेडिट नोट काढायला लावली आणि समोर बसून नवं बिल घेतलं. जूनच्या मध्यात 2B मध्ये ती ओळ दिसली तेव्हा जिवाला बरं वाटलं.

म्हणून प्रोफॉर्मा घेतानाच फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर टाकून घ्या. टॅक्स इन्व्हॉइस माल निघतानाच व्हायला पाहिजे, त्यामुळे गाडीसोबत बिल नसेल तर ड्रायव्हरसमोरच डीलरला फोन लावा. बिलावर अनुक्रमांक, दोघांचे जीएसटी नंबर, मालाचा एचएसएन कोड आणि टॅक्स वेगळा दाखवलेला पहा. त्या आर्थिक वर्षाचं क्रेडिट वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, ढिलाई केली तर पैसे गेलेच समजा.

हो, कमर्शियल इन्व्हॉइस राहिलाच. तो बाहेरदेशी माल पाठवताना लागतो. यंदा पुतण्याने दुबईला हळद पावडर पाठवली, तिथल्या खरेदीदारासाठी डॉलरमध्ये भाव, माल कुठला, भाडं कोण भरणार हे सगळं त्यावर लिहावं लागलं, कस्टम ड्युटी त्याच किमतीवर धरतं. पण जीएसटीसाठी इथला टॅक्स इन्व्हॉइस सुटत नाही, एलयूटी हे हमीपत्र भरून टॅक्स न भरता पाठवत असाल तर तसं वाक्य त्याच्यावर छापावं लागतं.