१०११ ओळखणारं सर्किट आणि चुकलेला एक बाण

माझ्या सर्किटला 1011011 दिलं की दिवा दोनदा लागायचा, म्हणजे अगदी हवा तसा. पण 101011 दिलं तर एकदाही लागत नव्हता. शेवटचे चार बिट 1011 आहेत हे डोळ्यांना सरळ दिसत होतं, तरी सर्किटला दिसत नव्हतं. डिजिटलच्या प्रॅक्टिकलमध्ये मी निम्मा तास वायरी तपासण्यात घालवला. वायरी सगळ्या बरोबर होत्या.

काम असं होतं: X या इनपुटवर एकेक बिट आत येतो, आणि शेवटचे चार बिट 1011 झाले की Z हे आउटपुट 1 व्हायला हवं. ओव्हरलॅप चालतो, म्हणजे एका 1011 चा शेवटचा 1 पुढच्या 1011 चा पहिला 1 होऊ शकतो. मी मीली पद्धत घेतली. तिच्यात आउटपुट स्टेट आणि इनपुट दोन्हींवर ठरतं, त्यामुळे चार स्टेट पुरतात आणि दोन फ्लिप-फ्लॉपमध्ये काम होतं. मूर पद्धतीत ‘सापडलं’ अशी पाचवी स्टेट लागते, म्हणजे तिसरा फ्लिप-फ्लॉप आला आणि तीन रिकामे कोडही आले.

स्टेटची नावं मी तेव्हा नुसती S0, S1, S2, S3 अशी लिहिली होती. आता मी प्रत्येकीपुढे तिला काय आठवतंय ते लिहितो: S0 ला काहीच नाही, S1 ला 1, S2 ला 10, S3 ला 101. ही छोटीशी सवय तेव्हा असती तर पुढचा घोटाळा झालाच नसता.

स्टेट डायग्राम काढताना सरळ वाट सोपी होती. 1 आला की S1, मग 0 आला की S2, मग 1 आला की S3, आणि पुन्हा 1 आला की Z=1. प्रश्न येतो तो नको असलेला बिट आल्यावर कुठे जायचं याचा. S3 मध्ये असताना 0 आला, तेव्हा मी मनाशी म्हटलं, ‘जुळणी मोडली, परत पहिल्यापासून’, आणि बाण S0 कडे नेला. त्यावरून समीकरणं काढली:

```
D1 = Q1'·Q0·X' + Q1·Q0'·X
D0 = X
Z  = Q1·Q0·X
```

कोड S0=00, S1=01, S2=10, S3=11 असे ठेवले होते, डावीकडचा बिट Q1. तीन गुणाकार, प्रत्येकात तीन अक्षरं, आणि 7411 या आयसीत तीन-इनपुटचे बरोबर तीन अँड गेट असतात. सगळं इतकं चपखल बसलं की मला शंकाच आली नाही. दोन्ही फ्लिप-फ्लॉप एका 7474 मध्ये, एक ऑर गेट 7432 मधलं आणि X' साठी एक इन्व्हर्टर 7404 मधला. Q1' आणि Q0' तर 7474 स्वतःच देतो.

मॅडम आल्या. त्यांनी ब्रेडबोर्डकडे पाहिलंच नाही, वही मागितली. S3 वर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘इथे 0 आला तर आतापर्यंत काय काय आलेलं असेल?’’ मी म्हटलं, 1010. ‘‘मग त्याची अशी शेपटी शोध, जी 1011 ची सुरुवात होऊ शकते. सगळ्यात लांब शेपटी.’’

1010 च्या शेपट्या 010, 10 आणि 0. त्यातली 10 ही 1011 ची सुरुवात आहे, आणि 10 आठवणारी स्टेट S2. बाण S2 कडे जायला हवा होता. मी तो S0 कडे नेऊन आलेले दोन चांगले बिट टाकून दिले होते. 101011 मध्ये नेमके तेच दोन बिट पुढच्या जुळणीची सुरुवात असतात. 1011011 मध्ये मात्र S3 वर 0 कधी येतच नाही, म्हणून ती चाचणी चुकीच्या सर्किटनेही पार केली होती.

हाच नियम बाकीच्या बाणांनाही लावून पाहिला. S1 वर 1 आला तर 11, त्याची उपयोगी शेपटी 1, म्हणून S1 मध्येच राहायचं. S2 वर 0 आला तर 100, त्यात कामाचं काहीच उरत नाही, म्हणून तिथे मात्र S0 बरोबर. S3 वर 1 आला तर 1011 सापडलं आणि त्याची शेपटी 1, म्हणून S1. नवा टेबल असा:

```
Q1Q0 | X=0   | X=1
00   | 00 /0 | 01 /0
01   | 10 /0 | 01 /0
10   | 00 /0 | 11 /0
11   | 10 /0 | 01 /1
```

तिरक्या रेघेपुढचा आकडा Z चा. डी फ्लिप-फ्लॉपमध्ये पुढची स्टेट हीच D इनपुट असते, त्यामुळे वेगळा एक्साइटेशन टेबल लागत नाही. के-मॅप भरला:

```
D1 = Q0·X' + Q1·Q0'·X
D0 = X
Z  = Q1·Q0·X
```

बदललं काय, तर D1 च्या पहिल्या गुणाकारातला Q1' गळला. म्हणजे 7411 च्या एका पायावरची Q1' ची वायर काढून ती 5 व्होल्टला लावली, इतकीच दुरुस्ती! 101011 वर दिवा लागला.

D0 = X का येतं हेही तेव्हा कळलं. शेवटचा बिट 1 असलेल्या S1 आणि S3 या स्टेटचे कोड 01 आणि 11 आहेत, म्हणजे Q0 नुसता मागचा बिट लक्षात ठेवतो. कोड कसेही दिले असते तर हे समीकरण इतकं छोटं आलंच असतं असं नाही.

एक गोष्ट तरी खटकत होती. प्रत्येक क्लॉकनंतर मी X चा स्विच 0 वर आणायचो. तरी दिवा सहावा क्लॉक देण्याआधीच, X चा स्विच 1 केल्याबरोबर लागायचा आणि क्लॉक दिला की विझायचा. S3 मध्ये असताना स्विच नुसता वर करून परत खाली केला तरी दिवा लुकलुकायचा, एकही क्लॉक न देता. हा वायरिंगचा दोष नव्हता. Z च्या समीकरणात X थेट बसलाय, त्यामुळे मीलीचं आउटपुट क्लॉकची वाट पाहत नाही. ते क्लॉकच्या कडेला वाचलं तरच खरं.

मॅडमनी त्यावर आणखी एक 7474 लावायला सांगितला: Z त्याच्या D वर, क्लॉक तोच, आणि दिवा त्याच्या Q वर. आता सहाव्या क्लॉकच्या कडेला Z पकडला जातो आणि सातव्या कडेपर्यंत दिवा स्थिर राहतो. मधेच स्विच हलवला तरी दिव्यावर परिणाम नाही.

तपासताना क्लॉकला साधं बटण लावू नका, एका दाबात ते अनेक कडा देतं आणि स्टेट भलतीकडेच जाते. मी किटवरचा पल्सर वापरला. 7474 चे प्रीसेट पाय हायला बांधले होते, आणि प्रत्येक चाचणीआधी क्लियर क्षणभर लो करून 00 वरून सुरुवात केली. मग टेबलमधले आठही बाण निदान एकदा तरी चालतील अशी ओळ दिली: 0 1 1 0 0 1 0 1 0 1 1. दिवा फक्त अकराव्या क्लॉकला लागला.