व्हरांड्यातला हातचा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि मला लॅबबाहेरचा तो शहाबादी फरशीचा व्हरांडाच आठवला, बाकी गॅदरिंग वगैरे लिहिणारे आहेतच.

आपल्या गणिताच्या सरांनी एकदा डिसेंबरात, नाशिकच्या थंडीत, मला तिथे अनवाणी उभं केलं. शिक्षा नव्हती, मी यंत्र होतो. ट्युरिंग नावाच्या माणसाने 1936 मध्ये कागदावर मांडलेलं यंत्र म्हणे, एक लांब पट्टी, एका वेळी एकच घर बघायचं. फरश्या म्हणजे घरं. सरांनी खडूने चार फरश्यांवर 1011 लिहिलं, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या बायनरी पद्धतीत अकरा, माझ्या हातात खडू आणि ओलं फडकं, खिशात दोन कार्डं. काम एकच, एक मिळवायचा.

पहिलं कार्ड ‘पुढे’: आकडा दिसला तर हात न लावता उजवीकडे सरक, रिकामी फरशी आली की एक पाऊल डावीकडे ये आणि कार्ड बदल. दुसरं ‘हातचा’: 1 दिसला तर पुसून 0 लिही नि डावीकडे सरक, 0 दिसला तर 1 लिही आणि थांब. चार पावलं गेलो, पाचवी फरशी रिकामी, मागे वळलो, 1 चा 0 केला, परत 1 चा 0, मग 0 आला त्याचा 1 केला आणि थांबलो. 1100, बारा! डावीकडच्या पहिल्या 1 कडे परत जावंच लागलं नाही, हातचा आधीच संपला होता.

मग सरांनी 111 लिहिलं. तिन्ही एक पुसून शून्यं केली आणि डावीकडच्या कोऱ्या फरशीवर येऊन पोचलो. खिशातलं कार्ड काढून बघतो तर रिकाम्या घराचं काहीच नाही! सातात एक मिळवून आठ होतात हे मला येत होतं, मी सरळ 1 लिहून टाकला. सर आले, त्यांनी तो पायाने पुसला. म्हणाले, “तुला अक्कल आहे रे, यंत्राला नाही. कार्डात लिहिलंय का?” फरशीवर 000 आणि मी तसाच अडकून उभा, पोरं हसतायत. मग सरांनी माझ्याच हाताने कार्डावर तिसरी ओळ लिहून घेतली, रिकामं असेल तर 1 लिही आणि थांब, आणि परत 111 लिहून पहिल्यापासून चालायला लावलं. 1000. ती ओळ त्यांनी मुद्दाम गाळली होती की विसरले होते, हे विचारायचं राहिलं ते राहिलंच.

आज अंबडला मशीनच्या कंट्रोल पॅनलचे प्रोग्रॅम लिहितो, मशीन मधेच गप्प उभं राहिलं की पोरं आधी वायरिंग चेक करतात. मी विचारतो, कोणत्या स्टेटमध्ये आहे, म्हणजे कोणतं कार्ड चालू आहे, आणि समोर काय वाचतंय? बरेचदा त्या जोडीची ओळच लिहिलेली नसते.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. व्हरांड्यात आता गुळगुळीत टाइल्स आहेत, छान दिसतात, पण खडू उमटत नाही.