शिबिरात आठ बिघ्यांचा हिशोब सांगताना

मी इंदूरला लॉ करतेय. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचं शिबिर होतं सांवेरकडच्या एका गावात, आम्ही काही स्टुडंट्स गेलो होतो आणि माझ्याकडे विषय आला मुलींचा जमिनीतला हक्क. सोबतच्या वकील मॅडम गाडीतच म्हणाल्या, कलमं राहू दे गं, आधी घरात कोण कोण आहे ते विचार.

पंचायत भवनात एका ताईंनी सरळ विचारलं, वडील गेले, भाऊ म्हणतो या कागदावर अंगठा लाव, त्याशिवाय नामांतरण, म्हणजे जमिनीवर आपली नावं चढणं, होत नाही, लावू का?

मी विचारत गेले. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली? हो, 8 बिघे. मृत्युपत्र? नाही. आई आहे? आहे. भाऊ? दोन. आजी? नाही. मग म्हटलं, आई, दोन भाऊ आणि तुम्ही, चार जण, प्रत्येकाला 2 बिघे. त्या म्हणाल्या, माझं तर लग्न झालंय. लग्नाने हिस्सा जात नाही हो ताई. मागच्या बायका लगेच बोटांवर आपापली माणसं मोजायला लागल्या, तेव्हा मला कळलं की सांगायचं कसं ते!

आता तो कागद. भावाने आणलेला बहुतेक हक त्याग असणार, म्हणजे मी माझा हिस्सा सोडते. नामांतरणासाठी तो लागत नाही, वडील वारल्यावर सगळ्या वारसांची नावं चढतात. म्हणून अंगठा लावायच्या आधी कागद दुसऱ्या कोणाकडून पूर्ण वाचून घ्या, पटवारीकडून खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल घेऊन नावं बघा, आणि तुमचं नाव गाळून अर्ज गेला असेल तर तहसीलमध्ये लेखी हरकत द्या. नाव चढलं नाही म्हणून हक्क लगेच संपत नाही, पण तोवर जमीन विकली गेली तर कोर्टकचेरी वाढते. वकिलाचा खर्च? बाईला विधिक सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो, 15100 वर फोन करायचा.

जमीन वडिलोपार्जित असली तर हिशोब वेगळा लागतो, आणि आदिवासी कुटुंबांना हा हिंदू वारसा कायदा असाच लागू होत नाही, हे पण मी सांगितलं, कारण अर्धवट ऐकून कोणी भांडायला गेलं तर त्रास त्यालाच होणार ना.

मग मागून एक काका म्हणाले, आणि मी आधीच लिहून ठेवलं तर? म्हटलं काका, स्वतःची जमीन तुम्ही मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकता, साध्या कागदावर चालतं, फक्त तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. काकांनी थोडा विचार केला आणि विचारलं, मुलगी साक्षीदार चालते का? मी सांगितलं, जिला जमीन द्यायची तिला साक्षीदार करू नका, बाहेरचे दोन बघा.